दोन्हीकडे अठ्ठेचाळीस

बिलं वाचणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे 'चाळणी' म्हणायचे. दुसऱ्या कुणाला असं नाव पडलं असतं तर तो रुसला असता. तिला मात्र आतून बरं वाटायचं. पस्तिशीची बाई, डोळ्यांवर जाड काचा, टेबलावर एक कोमट चहा कायम विसरलेला. तिच्या हाताखालून चुकीचा आकडा गेला असं अकरा वर्षांत झालं नव्हतं. निदान त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत तरी तिचा तसा समज होता.

काम सांगायला सोपं होतं. मोठमोठे दवाखाने, दुकानं, कारखाने आपण खरेदी केल्याची बिलं इथे पाठवायचे. यंत्र त्यांचे फोटो काढायचं, त्यातले आकडे वाचायचं, आणि कुणाकडून काय घेतलं याची यादी करखात्याकडे जायची. विकणाऱ्याने आपली विक्री खात्याला वेगळी कळवलेली असते. दोन्ही याद्या जुळल्या की खातं गप्प. नाही जुळल्या की नोटीस. आणि जुळवायचं कशावरून? नावावरून नाही, विकणाऱ्याच्या करनंबरावरून. आठ आकडे आणि शेवटी एक अक्षर.

अकरा वाजता खालच्या पहारेकऱ्याने फोन केला की एक बाई आली आहे, कडेवर पोर आहे, आणि भेटल्याशिवाय जात नाही म्हणते. परक्या माणसाला वर सोडायची चाल नव्हती. चाळणी कुरकुरत खाली गेली.

बाई म्हणजे पोरगीच होती, पंचविशीची. कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ, खांद्यावर कापडी पिशवी. तिचं रात्रभर रडून झालेलं असावं, कारण आता डोळे कोरडे ठणठणीत होते. तिने जे सांगितलं ते असं. तिचे वडील पावलं वाकडी असलेल्या मुलांसाठी बूट करतात. जन्मतः पाऊल आत वळलेलं असलं की आधी प्लास्टर घालतात, मग हे बूट. मुलांच्या मोठ्या दवाखान्याला गेली वीस वर्षं तेच पुरवतात. आणि आता करखातं म्हणतं की तुम्ही खोटी बिलं फाडता. तुम्ही दवाखान्याला माल दिला म्हणता, दवाखाना तर म्हणतो या नंबराकडून आम्ही काही घेतलंच नाही. पैसे मात्र वेळच्या वेळी मिळत होते, त्यामुळे पहिली नोटीस आली तेव्हा वडील हसले होते. दुसरीला घाबरले. तिसऱ्या नोटिशीवर आजची तारीख होती, दुपारी तीनची वेळ. तीनला समाधान झालं नाही तर नोंदणी रद्द. नोंदणी नाही तर दवाखाना माल घेणार नाही, तसा नियमच आहे.

"दवाखान्यात गेले तर म्हणतात, आमची बिलं तुम्ही वाचता. ताई, तुम्ही तरी वाचा ना." तिने पिशवीतून एक बिल काढून पुढे धरलं.

खात्यात माल पोचल्याच्या स्लिपा दाखवल्या का, असं चाळणीने विचारलं. दाखवल्या म्हणे. स्लिपा कुणीही छापतो, असं उत्तर मिळालं. वडील सकाळी नऊपासून तिथल्या बाकावर जाऊन बसले होते, तीनची वेळ असून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, असं पहारेकरी मधेच म्हणाला आणि त्याने बाळासाठी आपली खुर्ची सोडली.

चाळणीने बिल हातात घेतलं. वर ठसठशीत अक्षरांत छापलेलं कारखान्याचं नाव. त्याखाली रबरी शिक्क्याने मारलेला करनंबर: ४१२०९२४९, पुढे इंग्रजी एफ. तिने जरा जवळ धरलं. चौथा आकडा शून्य होता की आठ? आठाच्या कमरेची आडवी रेघ रबरावरून झिजून गेली होती. उरला होता तो उभट गोळा.

मग तर काही भीती नाही, असं तिला वाटलं. यंत्राने शून्य वाचलं असेल, पण शेवटचं अक्षर असतं कशासाठी? पहिल्या आकड्याला नऊने गुणायचं, दुसऱ्याला आठने, तिसऱ्याला सातने, असं उतरत आठव्याला दोनने. सगळ्यांची बेरीज. तिला तेविसाने भागायचं. बाकी जी उरेल तिच्यावरून अक्षर: शून्याला ए, एकाला बी, असं पुढे. आय, ओ आणि क्यू गाळलेले, कारण ते आकड्यांसारखे दिसतात. सव्वीसातून तीन गेले, तेवीस उरले. तेवीस ही अविभाज्य संख्या, त्यामुळे एक आकडा चुकला तर बाकी बदलतेच आणि अक्षर जुळत नाही. तिने बिलाच्या मागेच गुणाकार मांडला. शून्य धरून बेरीज एकशे एकेचाळीस, बाकी तीन, अक्षर डी. बिलावर एफ. म्हणजे यंत्र अडायला हवं होतं, आणि बिल माणसाकडे, म्हणजे तिच्याचकडे यायला हवं होतं. आठ धरून बेरीज एकशे एकोणनव्वद, बाकी पाच, एफ. बरोबर. मग दवाखान्याच्या यादीत ते गेलं कसं नाही?

बाळ पोरीच्या मांडीवर झोपून गेलं होतं. चाळणी तिला बस म्हणाली आणि जिन्याने वर धावली.

पडद्यावर बूटवाल्यांच्या बिलाचा फोटो आला. त्याखाली हिरवी खूण होती. एकसष्ट बिलं, सात महिन्यांची, आणि सगळी हिरवी. नंबर होता ४७२०९२४९ एफ. शेजारी एक बारीक शब्द होता: दुरुस्त.

हा शब्द तिचाच होता.

सात-आठ महिन्यांपूर्वी ती बाळंतपणाच्या रजेवरून परत आली होती. माणसाने तपासायची बिलं तेव्हा रोज चारशेवर साचायची. सहाच्या आत ती कधी सुटत नसे. घरी लेकरू आजीच्या खांद्यावर रडून रडून झोपलेलं, इकडे हिची छाती दुधाने दाटून कपडे ओले व्हायचे आणि ओढणीखाली झाकत ती शून्य आणि ओ निवडत बसायची. त्यावर तिनेच तोड काढली. आधी सोपा नियम केला: आकड्याच्या जागी ओ दिसला तर शून्य धरा, एस दिसला तर पाच, बी दिसला तर आठ. त्यात धोका नव्हता, कारण त्या जागेवर आकडाच असणार हे नंबराचा नमुनाच सांगतो. त्याने साचलेलं निम्मं झालं. मग तिने दुसरा नियम केला, तिच्या मते अधिक हुशारीचा. अक्षर जुळत नसेल तर हमखास गोंधळणाऱ्या जोड्या घ्या, एक-सात, शून्य-आठ, पाच-सहा. डावीकडून एकेक आकडा बदलून बघा. अक्षर जुळलं की थांबा, आणि तो नंबर धरा.

चारशेची साठ झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ती साडेपाचला घरी जाऊ लागली. लेकरू तिच्या कुशीत जागं राहू लागलं. त्या नियमाला ती मनात मुलाच्या लाडक्या नावाने ओळखायची, इतका तो तिला गोड वाटायचा.

आता तिने कागद ओढला. यंत्राने दुसऱ्या जागी एकाचा सात केला होता. एकाचा सात म्हणजे वाढ सहाची, त्या जागेचा गुणक आठ. अठ्ठेचाळीस. आणि खरी दुरुस्ती? चौथ्या जागी शून्याचा आठ. वाढ आठाची, गुणक सहा. अठ्ठेचाळीस. दोन्हीकडे तीच बेरीज, तीच बाकी, तेच एफ. यंत्र डावीकडून निघालं, दुसरी जागा आधी भेटली, तिथेच थांबलं. चौथ्यापर्यंत ते पोचलंच नाही, कारण थांबा असं तिने सांगितलं होतं.

अक्षर एवढंच ओरडतं की चोर आला आहे. कोणत्या खोलीत आला ते त्याला कुठे माहीत? तिने त्याच्या ओरडण्यावरून पहिल्याच खोलीतल्या माणसाला धरायला शिकवलं होतं.

तरी एक आशा तिने धरली. सुधारलेला नंबर खात्याच्या नोंदवहीत आहे की नाही हे यंत्र विचारत असे. तिने विचारून बघितलं. ४७२०९२४९ एफ, चालू. पाण्याच्या टाक्या विकणारं कुठलंसं दुकान. बुडत्याचा पाय खोलात. नोंदवहीत नावही मिळत होतं, पण नाव ताडून बघायचं त्यांनी बंद केलं होतं. एका ठिकाणी 'आणि कंपनी', एका ठिकाणी 'अँड कंपनी', एका ठिकाणी नुसता ठिपका, रोज शंभर खोट्या हाका यायच्या. बंद करायची सूचना साहेबांची होती. तिनेही आनंदाने मान डोलावली होती.

मग त्या नियमाने सुधारलेले सगळे नंबर तिने काढले आणि विचारलं की यातल्या कितींना एकाहून जास्त दुरुस्त्या जुळतात. पडद्यावर आकडा आला: दोनशे चौदा. दोनशे चौदा विकणारे, आणि यांतल्या प्रत्येकाचं यंत्राने पहिलं जुळलेलं घेतलं होतं. काही बरोबरही असतील. कोणते, ते नाव वाचल्याशिवाय कळणार नव्हतं.

सव्वाबाराला ती साहेबांच्या खोलीत उभी होती. साहेबांनी बिल उलटसुलट केलं, गुणाकार वाचला, आणि त्यांना तो समजला. हुशार माणूस होता. समजल्यावर त्यांनी बिल टेबलावर पालथं ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले की दवाखाना हे आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. एकसष्ट बिलं चुकली असं लिहून दिलं तर ते विचारतील, बाकीची? आणि बाकीचं उत्तर दोनशे चौदा. दुसऱ्या गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय सांगायचं?

"शिक्का त्यांचा झिजला," ते म्हणाले, "डोकं आपलं का फोडून घ्यायचं? त्यांना सांग, नवा शिक्का करून घ्या."

शिक्का झिजला हे खोटं नव्हतं. तिला क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणाहून जास्तच, ते पटलं. घराचा हप्ता, लेकराचं पाळणाघर, नवऱ्याची कधी असते कधी नसते अशी नोकरी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग तिने म्हणून बघितलं की शिक्का झिजल्याचं अक्षराने सांगितलं होतं. अक्षर आपलं काम चोख करत होतं. त्याचं तोंड आपण दाबलं. दुरुस्तीचं पत्र द्या, एवढंच मागते.

साहेबांनी पत्र दिलं नाही. जेवायची वेळ झाली म्हणाले.

खाली पोरगी तशीच बसली होती. बाळ उठलं होतं आणि पहारेकऱ्याच्या चष्म्याच्या काडीला लोंबकळत होतं. काही मिळालं का, असं पोरीने विचारलं, आणि तिच्या आवाजात आशा नव्हतीच, नुसती सवय होती. तेच चाळणीला सहन झालं नाही. तिने पर्स घेतली आणि चल म्हणाली.

करखात्याची इमारत तीन बस-थांब्यांवर होती. वाटेत तिने पोरीला सगळं सांगितलं, स्वतःचा भाग धरून. पोरगी रडली नाही, ओरडली नाही. थोड्या वेळाने फक्त बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, चाळणीच्या बाजूच्या खांद्यावरून पलीकडच्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर म्हातारा बसला होता. जाड बोटं, नखांत काळा डिंक, पायात स्वतःच शिवलेले बूट. मांडीवर एका पिशवीत छोट्या बुटांचा जोड, मुठीएवढा. खात्यातल्या साहेबांना दाखवायला आणला होता की मी खरंच करतो. कुणी बघितला नव्हता.

तीनला हाक आली. अधिकारी वयस्क होते, समोर फायलींची थप्पी, आवाज थकलेला. ते म्हणाले की खरेदीदाराच्या यादीत तुमचा नंबर एकदाही नाही, यापुढे माझ्या हातात काही नाही. चाळणी पुढे झाली. आपण कोण, कुठून आलो, ते तिने सांगितलं. कंपनीचं पत्र आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणाली.

"मग तुमच्या शब्दाला इथे काय किंमत?"

"शब्दाला नाही. आकडे तुम्ही स्वतः करून बघा."

तिने कोरा कागद पुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी नाराजीने पेन उघडलं. त्यांनी आधी म्हाताऱ्याचा खरा नंबर केला. जुन्या पद्धतीने, ओठ हलवत. एकशे एकोणनव्वद, बाकी पाच, एफ. मग टाक्यांच्या दुकानाचा. एकशे एकोणनव्वद. ते थांबले. पुन्हा वरून खाली बोट फिरवलं.

"अक्षर तर जुळतंय," ते म्हणाले. "जुळलं म्हणजे बरोबर, असंच आम्ही धरतो."

"नाही हो. न जुळलं तर चूक आहे, एवढं नक्की. जुळलं तर बरोबर असेलच असं नाही. तेविसात एखादा असा निघतोच की चुकीचा असून जुळतो. मी यंत्राला तो शोधून काढायला लावलं."

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग ते म्हणाले की असं असेल तर जबाब लागेल. कंपनीच्या वतीने देता की स्वतःच्या?

स्वतःच्या, असं ती म्हणाली.

जबाब दीड पान झाला. नियम काय होता, कुणी केला, का केला. 'का केला' इथे पेन अडलं. रजेवरून आल्यावर, घरी लवकर जाता यावं म्हणून, असं सरकारी कागदावर लिहायचं कसं? तिने तेच लिहिलं. खाली पोरीच्या पिशवीतल्या कागदांवरून उतरवलेले एकसष्ट बिलांचे क्रमांक, आणि शेवटी एक ओळ: असे आणखी दोनशे तेरा असू शकतात. सही करताना पर्समधला फोन वाजत होता. वाजून थांबत होता, पुन्हा वाजत होता.

अधिकाऱ्यांनी निकाल असा दिला की नोंदणी तूर्त रद्द होणार नाही. पंधरा दिवस. तेवढ्यात दवाखान्याने सुधारलेली यादी भरली पाहिजे. नाही भरली तर माझाही नाइलाज. म्हातारा आभार मानायला उठला. लेकीने एका हाताने बाळ, एका हाताने बाप सावरला.

बाहेर जिन्यात चाळणीने फोन उचलला. ती खात्यात गेल्याचं साहेबांना कळलं होतं. ते ओरडले नाहीत. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाले.

तिने भिंतीला पाठ टेकली. दवाखान्याची यादी साहेबांनी दुरुस्त केल्याशिवाय सुधारणार नव्हती. पंधरा दिवस म्हणजे साहेबांच्या मर्जीचे पंधरा दिवस. ती म्हणाली की दोनशे तेराचा आकडा आता खात्याच्या कागदावर आहे, तो आता तुमच्या-माझ्या झाकण्यातला राहिला नाही. ते उद्या दवाखान्याला विचारतील. त्याआधी आपण सांगितलेलं बरं. आणि प्रत्येक बिलावरचं नाव नोंदवहीशी माणसानेच ताडावं लागेल, यंत्राचं काम नाही ते.

"मी पगार मागत नाही. मला बसू द्या, एवढंच."

साहेबांनी ऐकून घेतलं. मग फोन बंद झाला. ना हो, ना नाही.

म्हातारा एक पायरी खाली उभा होता. त्याने सगळं ऐकलं असावं. तिला वाटलं तो चार शब्द बरे बोलेल, निदान मान तरी हलवेल.

"बिलावर वर आमचं नाव होतं," तो म्हणाला. "एवढं मोठं. सात महिन्यांत कुणी वाचलं नाही?"

"नाही, काका."

"आणि ते बाकीचे दोनशे?"

"त्यांचंही नाही."

"त्यांना नोटिसा आल्या असतील मग." त्याने बुटांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "त्यांच्यातल्या कुणाची लेक तुमच्या दारापर्यंत पोचली का?"

चाळणीने फोन पर्समध्ये टाकला. पोरीने बापाचं कोपर धरलं आणि तिघं खाली उतरली. बाळ खांद्यावरून मागे बघत होतं.

साडेचार झाले होते. लेकराला पाळणाघरातून आज तुम्ही आणा, असं तिने नवऱ्याला कळवलं. तीन थांबे ती चालतच गेली. पहारेकऱ्याने दार उघडताना नजर चुकवली, म्हणजे त्याला वरून काही सांगितलेलं होतं. पण त्याने अडवलं नाही. वर साहेबांच्या खोलीत दिवा होता, दार लोटलेलं.

तिने पहिल्यांदा तो दुसरा नियम काढून टाकला. सकाळच्या रांगेत अडलेली बिलं साठ होती. बघता बघता ती दोनशेवर गेली. मग तिने दोनशे तेरांची यादी उघडली, पहिल्या बिलाचा फोटो मोठा केला, नंबराकडे न बघता वरचं नाव वाचलं, ओठ हलवत, आणि ते नोंदवहीत शोधायला लागली. नाव जुळलं नाही. तिने लाल खूण केली आणि दुसरं उघडलं.